एक टन म्हणजे किती किलो?

भाषांतराला आलेल्या एका लेखात शेजारी-शेजारी दोन आकडे होते. अमेरिकेचं कोळसा उत्पादन २००८ साली शिखरावर होतं, तेव्हा ते १.१७ बिलियन शॉर्ट टन भरलं. भारताने २०२४-२५ मध्ये सुमारे १,०४८ मिलियन टन कोळसा काढला. पहिल्या खर्ड्यात मी सरळ लिहून टाकलं, ‘अमेरिका ११७ कोटी टन, भारत १०५ कोटी टन.’ शून्यं बरोबर होती, वाक्यही वाचायला छान होतं. फक्त ‘शॉर्ट’ हा शब्द गळला होता आणि त्याच्याबरोबर सुमारे अकरा कोटी टनांचा हिशेब चुकला होता.

बाजार समितीच्या काट्यावर हा फरक चटकन कळतो. आपला टन म्हणजे दहा क्विंटल, हजार किलो. अमेरिकेचा शॉर्ट टन दोन हजार पौंडांचा, म्हणजे ९ क्विंटल आणि वर ७ किलो. ब्रिटिशांचा जुना लाँग टन २,२४० पौंडांचा, म्हणजे १० क्विंटल १६ किलो. इंग्रजीत हजार किलोच्या टनाचं स्पेलिंग tonne असं वेगळं असतं. नुसतं ton दिसलं तर मजकूर अमेरिकी असल्यास बहुधा शॉर्ट टन समजावा, जुना ब्रिटिश असल्यास लाँग टन. मराठीत मात्र तिन्ही ‘टन’च. इंग्रजीने स्पेलिंगमध्ये जपलेली खूण देवनागरीत आली की पुसून जाते, म्हणून ती शब्दाने परत लिहावी लागते. (घरातल्या दीड टनाच्या एसीतला टनही मुळात हा शॉर्ट टनच. तेवढा बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता त्याच दराने बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन.)

आता तो हिशेब नीट करू. आधी मोजणी कोटीत आणायची. बिलियनचे कोटी करताना दशांशचिन्ह दोन घरं उजवीकडे सरकवायचं, मिलियनचे कोटी करताना एक घर डावीकडे. १.१७ बिलियनचे झाले ११७ कोटी आणि १,०४८ मिलियनचे १०४.८ कोटी. मग एकक बदलायचं: ११७ ला ०.९०७ ने गुणलं की १०६ येतात. म्हणजे खरी तुलना १०६ कोटी टन आणि सुमारे १०५ कोटी टन अशी आहे. अमेरिकेच्या शिखरापर्यंत भारत जवळजवळ पोचला, हीच त्या लेखातली बातमी होती आणि माझ्या खर्ड्यात ती नाहीशी झाली होती. तोंडी पडताळा हवा असेल तर दहावा भाग वजा करून बघावा. उत्तर त्याच्या आसपास यायला हवं.

भावाच्या बाबतीत हे गणित उलटं फिरतं. शॉर्ट टनाला ५० डॉलर असा दर असेल तर आपल्या मोठ्या टनाला तो ५५ डॉलर पडतो. इथे गुणायचं नाही, भागायचं. सवयीने गुणून मोकळे होणारे बरेच भेटतात.

बिलियनसाठी अब्ज हा आपला शब्द अचूक आहे, पण बहुतेक वाचकांना ‘१०० कोटी’ जास्त लवकर उमगतं. खर्वापासून मात्र लांब राहावं. जुन्या संस्कृत गणनेत खर्व म्हणजे दहा अब्ज, हिंदीतला खरब शंभर अब्जांचा. जर्मन मूळ असेल तर आणखी जपावं. तिथे आपल्या अब्जाला मिलियार्डं म्हणतात आणि त्यांचं बिलियन म्हणजे लाख कोटी. ब्रिटनमध्येही पूर्वी तसंच होतं. १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी सरकारी आकडेवारीत बिलियन म्हणजे हजार मिलियन हे स्पष्ट केलं. त्यामुळे त्याआधीचा ब्रिटिश अहवाल हाती आला तर तक्त्यातली शून्यं मोजूनच पुढे जावं. शंका आली की एक ओळखीचा आकडा मनात धरावा: सगळं जग वर्षाला ९०० कोटी टनांच्या आसपास कोळसा काढतं. एखाद्या देशाच्या नावावर लाख कोटी टन दिसले, तर चूक आपली किंवा मूळ लेखाची, पण चूक नक्की.

गुणाकारानंतर अति अचूकपणाचाही मोह आवरावा. मूळ लेखक ‘सुमारे १०० मिलियन शॉर्ट टन’ म्हणतो, तर मराठीत ‘सुमारे ९ कोटी टन’ पुरे. ९,०७,१८,४७४ लिहिलं तर मूळ लेखकाने कधी न केलेलं मोजमाप आपण त्याच्या नावावर खपवतो.

आणि रूपांतर करायला वेळ नसेल, तर आकडा कोटीत आणा आणि एकक आहे तसं ठेवा. ‘११७ कोटी शॉर्ट टन’ हे अपुरं असलं तरी खरं आहे; ‘११७ कोटी टन’ खोटं आहे.