थट्टेला उत्तर द्यावे, पण तोलून

पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी पिकाच्या ओळी दिसू लागतात आणि पारावर थट्टेचा हंगाम सुरू होतो. एका गावी मी ऐकलेला प्रसंग सांगतो. एकाची तिफण वाकडी गेली होती. ज्वारी उगवली तशी ओळींची वळणे उघडी पडली. त्याचा सोबती चार माणसांत म्हणाला, “लेका, ज्वारी पेरलीस का रानात साप सोडलास?”

सगळे हसले. हा गडी शांतपणे म्हणाला, “साप न्हाई गड्या. तुझ्या घराकडं वाट काढत हुतो, चहाची येळ झाली हुती!” आता दुप्पट हशा झाला आणि सोबत्याला चहा पाजावा लागला.

या उत्तरात काय आहे ते पाहा. ओळी वाकड्या आहेत हे त्याने नाकारले नाही. ‘जमीनच तशी आहे’, ‘बैल नवे आहेत’ अशी सारवासारव केली असती, तर थट्टा आणखी लांबली असती. उलट स्वतःच्या चुकीला त्याने स्वतःच आणखी फुगवले आणि शेवटी सोबत्यालाच त्या गमतीत ओढून घेतले. हरला कोणीच नाही.

तेच तो म्हणाला असता, “माझ्या वळी वाकड्या असतील, पर सावकाराची पायरी तुझ्यावानी झिजवली न्हाई,” तर? उत्तर चटकदार खरे, पण थट्टा ओळींची होती आणि घाव कर्जावर बसला असता. म्हणून ओळीच्या थट्टेला ओळीचेच उत्तर द्यावे. कर्ज, मूलबाळ, बायकोचे माहेर, जात आणि शरीरातले व्यंग यांना हात लावू नये. उत्तरही एकच द्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत गंमत संपते आणि सरशी कोणाची हे ठरू लागते.

आपले उत्तर लागले की टोचले, हे कसे ओळखावे? समोरचा हसून ‘अरे-तुरे’च करीत राहिला तर ठीक. पण एकदम ‘तुम्ही’ म्हणू लागला, उपरणे झटकून उठला किंवा उगाच तंबाखू मळत गप्प बसला, तर समजावे की टोचले. मग दुसरी कोटी करू नये. त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सरळ म्हणावे, “मघाशी बोललो ते जास्त झालं.” रात्र मध्ये गेली की गाठ घट्ट होते.

आणि मित्र तीच थट्टा तुमच्या व्याह्यांसमोर किंवा जाणत्या मुलासमोर पुन्हा पुन्हा करीत असेल, तर तिथे हजरजबाबीपणा कामाचा नाही. त्याला बांधावर एकटे गाठून सांगावे, “पारावर काय बी बोल, पर पोरासमोर नको.” खरा मित्र एवढ्यावर समजतो.