सायक्लॉइडच्या कमानीखाली
वक्रांची वाट : लेखांक ७

चाकाच्या कडेवर खडूची खूण करून चाक सरळ रेषेत गडगडत नेलं, तर ती खूण हवेत जी कमान आखते तिची समीकरणं आपण गेल्या आठवड्यात मांडली. चाकाची त्रिज्या r आणि चाक फिरलं तो कोन θ रेडियन असेल, तर

x = r(θ − sin θ), y = r(1 − cos θ)

θ शून्यापासून 2π पर्यंत गेला की एक कमान पुरी होते. या कमानीखाली जागा किती, हा आजचा प्रश्न.

गॅलिलिओने यासाठी थेट तराजू गाठला होता. कमान आणि चाकाचं वर्तुळ कापून त्याने दोन्ही तोलून पाहिली. कमान वर्तुळाच्या सुमारे तिप्पट भरली, पण नेमकी तिप्पट असेल यावर काही त्याचा विश्वास बसेना. पॅरिसच्या रोबेर्व्हालने 1634 मध्ये ती सिद्ध केली, पण छापली मात्र नाही. त्याची अध्यापकाची जागा दर तीन वर्षांनी स्पर्धेत टिकवावी लागे, त्यामुळे हुकमाचे पत्ते तो हातातच ठेवी. 1644 मध्ये टोरिचेल्लीने आपली सिद्धता छापली आणि मग व्हायचं ते भांडण झालंच.

आपण उभ्या पट्ट्यांनी जाऊ. पट्टीची उंची y, रुंदी dx. सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे क्षेत्रफळ. अडचण एवढीच की आपल्या हातात x नाही, θ आहे, आणि θ सारख्या पावलांनी वाढला म्हणून x सारख्या पावलांनी वाढत नाही. चाक पहिले 30 अंश फिरतं तेव्हा खूण आडवी जेमतेम 0.024r सरकते. तेच 150 पासून 180 अंशांपर्यंतच्या पावलात ती 1.024r पुढे जाते. कोन तेवढाच, पण पट्टी चाळीस पटींहून रुंद! कुठल्या क्षणी पट्टी किती रुंद, हे सांगतो x चा डेरिव्हेटिव्ह, म्हणून dx च्या जागी x′(θ) dθ लिहायचं.

इथे सायक्लॉइड एक गंमत करते. x′ काढून पाहा: r(1 − cos θ). हा तर y च आहे! हा योगायोग नव्हे. गडगडणारं चाक त्या क्षणापुरतं जमिनीला टेकलेल्या बिंदूभोवती फिरत असतं. त्यामुळे खूण जितकी उंच, तितका तिचा आडवा वेग जास्त. मग y गुणिले x′ म्हणजे y²:

क्षेत्रफळ = ∫ y x′ dθ = r² ∫ (1 − 2cos θ + cos²θ) dθ, θ = 0 ते 2π

पहिल्या पदाचे 2π मिळतात. पूर्ण फेरीत cos θ ची बेरीज शून्य होते. cos²θ ची सरासरी अर्धी, म्हणून त्याचे π. एकूण 3πr². त्रिज्या 35 सेंटिमीटर असेल तर कमान सुमारे 220 सेंटिमीटर लांब, 70 सेंटिमीटर उंच, आणि तिच्याखाली साधारण 11,550 चौरस सेंटिमीटर जागा.

x′ विसरून सगळ्या पट्ट्या सारख्याच, r dθ रुंदीच्या धरल्या, तर उत्तर 2πr² येतं. विद्यार्थ्यांच्या वह्यांत ते हमखास सापडतं, आणि ते अगदीच निरर्थक नाही. ते दुसऱ्याच एका वक्राखालचं क्षेत्रफळ आहे: x = rθ, y = r(1 − cos θ). रोबेर्व्हालने हाच वक्र सायक्लॉइडचा सोबती म्हणून शेजारी काढला होता. 2πr लांब आणि 2r उंच आयताचा तो बरोबर अर्धा भाग व्यापतो. कमान त्याच्या बाहेरून जाते, आणि कुठल्याही उंचीवर दोघांमधलं आडवं अंतर |r sin θ| असतं, म्हणजे चाकाच्या वर्तुळात त्याच उंचीवरच्या जीवेच्या निम्मं. त्यामुळे चढत्या बाजूला अर्ध्या वर्तुळाएवढी फट राहते, उतरत्या बाजूलाही तेवढीच. दोन्ही मिळून πr². विसरलेल्या x′ ने गिळलं ते नेमकं हेच.

बंद वक्रांनाही हेच सूत्र चालतं, मात्र चिन्हाकडे लक्ष हवं. x = r cos t, y = r sin t हे वर्तुळ घेतलं तर उत्तर −πr² येतं. वरच्या अर्ध्यात y धन, पण बिंदू उजवीकडून डावीकडे चाललेला, म्हणून x′ ऋण. खालच्या अर्ध्यात नेमकं उलट. गुणाकार दोन्हीकडे ऋणच. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलात तर उत्तर धन येईल.

वर्तुळाच्या बाबतीत उणे चिन्ह पुसून टाकलं की भागतं. पण x = sin t, y = sin 2t हा इंग्रजी आठसारखा, आडवा पडलेला वक्र घ्या आणि t शून्यापासून 2π पर्यंत न्या. उत्तर शून्य! एक पाकळी काट्यांच्या दिशेने आखली जाते, दुसरी उलट, आणि दोघी एकमेकींना खोडतात. म्हणून आधी फक्त t = 0 ते π घ्यायचं. उजव्या पाकळीचे 4/3 मिळतात, डावीही तेवढीच, आणि खरं क्षेत्रफळ 8/3.