एक टक्का कापला, बाकीचं कोण भरणार?

पुण्यातल्या एका किराणा पोहोचवणाऱ्या अ‍ॅपच्या गोदामात दोन तरुण काम करतात असं समजू. एक जण आत रॅकवरून सामान काढून पिशव्या भरतो, दुसरा त्या पिशव्या दुचाकीवरून घरोघरी नेतो. भरणारा पगारावर आहे, महिना १८,००० रुपये. नेणाऱ्याला ऑर्डरमागे पैसे मिळतात आणि महिन्याकाठी साधारण २५,००० जमा होतात. दोघांच्या पैशातून काही ना काही कापलं जातं, पण त्या दोन कापण्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.

आधी पिशव्या भरणाऱ्याकडे पाहू. त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० आहे असं धरलं, तर त्यावर १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये पीएफला जातात. पूर्ण पगारावर पाऊण टक्का, म्हणजे १३५ रुपये, ईएसआयला. २०० रुपये व्यवसाय कर. हातात येतात १५,८६५. पण मालकालाही पदरचे १,८०० रुपये पीएफला भरावे लागतात (त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात) आणि सव्वातीन टक्क्यांनी ५८५ रुपये ईएसआयला. म्हणजे दरमहा एकूण ४,३२० रुपये या तरुणाच्या म्हातारपणासाठी आणि आजारपणासाठी बाजूला पडतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त, २,३८५, त्याच्या पगाराबाहेरचे असतात. आयकर मात्र शून्य. मालक पगारातून आयकर कापतो तो वर्षाच्या एकूण कराचा अंदाज करून, आणि सव्वादोन लाखांच्या आतल्या पगारावर कर बसतच नाही.

पिशव्या नेणाऱ्याचं उलट आहे. त्याच्याकडून पीएफचा एक रुपया जात नाही, पण आयकर कापला जातो. अ‍ॅपच्या हिशेबात तो नोकर नाही, ठेकेदार आहे. ठेकेदाराला दिलेली रक्कम वर्षाला एक लाखाच्या पुढे गेली की १ टक्का टीडीएस कापायचा, असा नियम आहे. आजवर तो आयकर कायद्याच्या 194C कलमात होता. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, पगार आणि ठेका हा भेद तसाच आहे.) वर्षाला तीन लाख मिळाले तर ३,००० रुपये कापले जातात. हा टक्का पेट्रोल, हप्ता, टायर, मोबाइलचा डेटा यांचा खर्च वजा न करता, मिळालेल्या सगळ्या रकमेवर लागतो. त्याचं प्रत्यक्ष उत्पन्न किती आणि त्यावर कर बसतो का, हे कापणारा विचारत नाही.

कर तर बसतच नाही. नव्या कररचनेत ४ लाखांपर्यंत कर शून्य आहे. म्हणजे ते ३,००० रुपये परत मिळायला हवेत, पण विवरणपत्र भरल्याशिवाय ते येत नाहीत आणि नेमकं हेच अनेकजण करत नाहीत. भरणारे काहीजण पगारदारांचा ITR-1 भरून मोकळे होतात, तेही चूक. ही धंद्याची मिळकत आहे, तिला बहुधा ITR-4 लागतो, आणि पगारदारांना मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट इथे मिळत नाही. पॅन दिला नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे तो निष्क्रिय झाला असेल, तर एक टक्क्याचे वीस टक्के होतात. तीन लाखांवर साठ हजार!

तरीही माझ्या मते टीडीएस हा यातला किरकोळ भाग. तो परत मिळतो. न भरलेला पीएफ असा परत येत नाही. २५,००० मधून टीडीएसचे २५० आणि पेट्रोल-दुरुस्तीचे ७,००० वजा केले तर नेणाऱ्याच्या हातात १७,७५० उरतात, म्हणजे आतल्या मित्रापेक्षा जवळपास १,९०० जास्त. या जास्तीच्या पैशाला भुलून पुष्कळ जण आतलं काम सोडून बाहेर पडतात. ४,३२० चा आकडा बँकेच्या मेसेजमध्ये दिसत नाही.

मग नोकर कोण आणि ठेकेदार कोण, हे ठरवतं कोण? करारावर जे लिहिलंय त्यावरून ते ठरत नाही, आणि हे न्यायालयाने आपल्याकडे फार पूर्वीच सांगितलं आहे. सोलापूर किंवा सिन्नरच्या विडी कामगार बायका आठवा. तंबाखू आणि तेंदूची पानं घरी आणायची, सवडीने विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या, नगावर मजुरी घ्यायची. कारखानदारांचं म्हणणं होतं की घरी बसून, आपल्या वेळेने काम करणारी बाई आमची नोकर कशी? १९८५ साली पी. एम. पटेल अँड सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. विडी नापास करून परत करण्याचा हक्क कारखानदाराकडे आहे, तेच त्याचं नियंत्रण, असं न्यायालयाने धरलं. काम कुठे बसून केलं हा प्रश्न गौण ठरला आणि घरखेपी विडी कामगारांना पीएफ लागू झाला. मध्ये कंत्राटदार असला तरी फरक पडत नाही. आपल्या गोदामातला पिशव्या भरणाराही पुष्कळदा कंत्राटदारामार्फतच लागलेला असतो. ठेकेदाराकडचा माणूस असणं वेगळं आणि स्वतःच ठेकेदार असणं वेगळं.

ही कसोटी दुचाकीवाल्याला लावून पाहा. भाडं अ‍ॅप ठरवतं, रस्ता अ‍ॅप दाखवतं, ग्राहकाने कमी तारे दिले की ऑर्डर कमी होतात आणि आयडी बंद झाला की काम संपतं. मला तरी यात विडी नापास करण्यापेक्षा कमी नियंत्रण दिसत नाही. अर्थात दुसरी बाजूही आहे: कधी लॉगिन करायचं हे तो ठरवतो आणि एकाच दिवशी दोन प्रतिस्पर्धी अ‍ॅपची कामं घेऊ शकतो. विडी वळणारीला अशी मोकळीक क्वचितच होती.

संसदेने या वादाला बगल दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्याच मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर काम करणारा अशी आहे. त्यामुळे पीएफचा दरवाजा तिथेच लोटला जातो. त्याऐवजी अ‍ॅप कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के एका निधीत भरायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. आपल्या नेणाऱ्याच्या २५,००० वर हा ५ टक्क्यांचा कमाल आकडा १,२५० रुपये होतो. आतल्या मित्रासाठी मालक २,३८५ भरतो. शिवाय पीएफ त्या मित्राच्या नावावर, व्याजासकट साठतो आणि नोकरी बदलली तरी सोबत जातो. निधीतले पैसे सामाईक असतात, आणि कुणाला काय मिळणार हे सरकार जी योजना काढेल त्यावर अवलंबून राहतं.

ब्रिटनमध्ये वेगळाच पेच झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक ‘वर्कर’ आहेत असं ठरवलं. त्यांना किमान वेतन आणि भरपगारी रजेचा हक्क मिळाला, पण करखात्याच्या लेखी ते स्वयंरोजगारीच राहिले, कारण तिथल्या करकायद्यात हा मधला वर्गच नाही. कामगार कायद्याचं उत्तर एक आणि करकायद्याचं दुसरं असू शकतं.

आपल्याकडे याचा फायदा उठवणारे अ‍ॅपवालेच आहेत असं नाही. महिना ३०,००० वर ‘सल्लागार’ नेमायचा, प्रोफेशनल फी म्हणून १० टक्के टीडीएस कापायचा, आणि त्याच माणसाकडून अंगठा लावून हजेरी घ्यायची, रजेचा अर्ज मागायचा, ही पद्धत दवाखान्यांपासून सॉफ्टवेअर कंपन्यांपर्यंत सर्रास आहे. आपला 26AS उघडून पाहिला की कुठल्या कलमाखाली पैसे कापले ते दिसतं. जुन्या कायद्याखालच्या कपातीसमोर तिथे 192 असेल तर कंपनीने तुम्हाला पगारदार मानलं. 194C किंवा 194J असेल तर नाही. पण ते कंपनीचं म्हणणं झालं, निकाल नव्हे. हजेरीचा तक्ता, रजेचे ईमेल, कामाच्या सूचना हे जपून ठेवलं असेल तर पीएफ कार्यालयाकडे तक्रार करता येते. चौकशीत नातं नोकरीचंच ठरलं, तर मागची वर्गणी, व्याज आणि दंड मालकाकडून वसूल होतो.