घोषणा लाइनवरच्या हातांची

मार्च उजाडला की अनेक कारखान्यांच्या फाटकावर गुलाबी फलक लागतो : ‘नारीशक्तीला सलाम’. हाच फलक बँकेत, शाळेत, दवाखान्यातही चालतो. म्हणूनच लाइनवर उभ्या असलेल्या बाईला त्यात स्वतःचं काही सापडत नाही.

कारखान्यातली सर्वांत गाजलेली घोषणा १९४३ सालची. बाही वर सारून दंड दाखवणारी, डोक्याला लाल रुमाल बांधलेली बाई आणि वर ‘आपण हे करू शकतो!’ हे शब्द. जे. हॉवर्ड मिलर यांनी ते पोस्टर अमेरिकेच्या वेस्टिंगहाउस कंपनीसाठी काढलं. फेब्रुवारीत ते कंपनीच्या कारखान्यांत जेमतेम दोन आठवडे लागलं आणि उतरवलं गेलं. हेतू होता युद्धकाळात गैरहजेरी आणि संप टाळून उत्पादन वाढवण्याचा. स्त्रियांच्या हक्कांशी त्याचं नाव जोडलं गेलं ते १९८०च्या दशकात. म्हणजे त्या ‘आपण’मागचा आवाज व्यवस्थापनाचा होता.

त्याआधी, ८ मार्च १९१७ रोजी, पेट्रोग्राडच्या कापडगिरण्यांतल्या कामगार स्त्रिया संप करून रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांची मागणी होती भाकरीची. हा आवाज कामगार बायकांचा स्वतःचा होता. महिला दिनाला ८ मार्च ही तारीख मिळाली ती याच संपामुळे.

मग आजच्या कारखान्याने काय लिहावं? समजा, चाकणमध्ये गाड्यांचं वायर हार्नेस बनवणारी एक लाइन आहे. तिथे बायका वायरचं टोक सोलतात, त्यावर टर्मिनल दाबून बसवतात, म्हणजे क्रिम्पिंग करतात. मग ते ओढून तपासतात, वायरी बोर्डावर मांडून टेप गुंडाळतात आणि शेवटी विजेची चाचणी घेतात. एक क्रिम्प सैल राहिला, तर खड्ड्यात गाडी आदळली की दिवा बंद पडू शकतो. घोषणा इथून निघायला हवी : ‘क्रिम्प आमचा पक्का, दिवा विझणार नाही बरं का!’ ही ओळ दुसरीकडे कुठे लावता येणार नाही आणि ‘आमचा’ म्हणणारी बाईच आहे.

‘आई, बहीण, देवी’ छापाच्या ओळी टाळाव्यात, कारण त्या घरातलं नातं सांगतात. हातातलं कसब झाकूनच राहतं. ‘पुरुषांपेक्षा कमी नाही’ हेही नको. त्यात मोजमाप पुरुषांचंच राहतं. फलक मशीनजवळून एका दृष्टिक्षेपात वाचता यावा, म्हणून सात-आठ शब्द पुरेत. लाइनवर परराज्यातल्या मुली असतील, तर त्यांच्या भाषेतही तो लिहावा. फोटो मॉडेलचा नको. लाइनवरच्या ताईचाच घ्यावा, तिची परवानगी घेऊन, सेफ्टी गॉगल आणि हातमोज्यांसह.

छपाईआधी मसुदा दोन्ही शिफ्टच्या बायकांना दाखवावा. ‘आधी स्वच्छतागृहाचं बघा’ असं उत्तर आलं, तर फलक थांबवावा आणि आधी ते काम करावं.