नाक्यावर काय विचारलं?

एलएल.एम.ची तोंडी परीक्षा चालू होती. विद्यार्थ्याने पाठ केलेलं उत्तर दिलं: आंतरराष्ट्रीय रूढी दोन गोष्टींतून घडते. एक, राज्यांची वहिवाट. दुसरी, ‘हे कायद्याने बंधनकारक आहे’ ही जाणीव, म्हणजे ओपिनिओ ज्युरिस.

“वहिवाट दिसते. जाणीव कशी दिसणार?” परीक्षक बाईंनी विचारलं.

त्याने दादरा-नगर हवेलीचा खटला काढला. दमणहून तिथे जायचं तर पोर्तुगीजांना मधला भारताचा मुलूख ओलांडावा लागे. १९५४ च्या जुलैत दादरातली पोर्तुगीज सत्ता उलथली, भारताने वाट बंद केली, आणि १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. ब्रिटिश काळ धरून सव्वाशे वर्षांची ये-जा हा त्यांचा आधार होता.

“मग हक्क मिळाला?”

“साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांना नाही.”

“रस्ता तोच, वर्षं तीच. सैनिकही जातच होते ना?”

विद्यार्थी अडखळला. बाई थांबून राहिल्या.

“जात होते, पण विचारून,” तो म्हणाला. १८७८ च्या तहात सैन्यासाठी रीतसर विनंतीची अट होती. १८९० मध्ये हत्यारबंद माणसं न विचारता गेल्याची तक्रार मुंबई सरकारने केली, तेव्हा पोर्तुगीज गव्हर्नर जनरलनेच लिहून कळवलं की आमचं सैन्य आधी परवानगी घेतल्याशिवाय ब्रिटिश हद्दीतून कधी जात नाही.

“म्हणजे जाणीव त्या पत्रात सापडली. परवानगी मागणारा स्वतःच कबूल करतो की हा आपला हक्क नाही. पण मालालाही जकात होतीच. ती परवानगी नव्हे?”

“नाही, मॅडम. जकातदार ‘काय नेताय?’ विचारतो. सैनिकाला ‘परवाना कुठाय?’ विचारतात. पहिल्या प्रश्नात जाण्याचा हक्क धरूनच चाललेलं असतं.”

“दोनच देशांत रूढी होते?”

“होते. दीर्घकाळची वहिवाट दोघांनी कायदा म्हणून मानली असेल तर दोघांपुरतीही होते, असं न्यायालयाने म्हटलं.”

“तर मग भारत हरला!”

“नाही. वाहतुकीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार भारताकडे होताच. दादरातल्या उलथापालथीने सीमेवर तणाव होता, म्हणून वाट बंद करण्यात कर्तव्यभंग झाला नाही, असा निकाल १२ एप्रिल १९६० ला नऊ विरुद्ध सहा मतांनी लागला.”

बाईंनी गुण लिहिले आणि पुढचं नाव पुकारलं. दारापर्यंत गेलेल्या त्याला त्यांनी पुन्हा थांबवलं. “समजा, सव्वाशे वर्षं सैनिक न विचारता गेले असते आणि कुणी तक्रारच केली नसती, तर?”

“मग ते पत्र लिहायची वेळच आली नसती, मॅडम. आणि निकाल कदाचित वेगळा लागला असता.”