पैसे कोणी हलवले? स्पेनमधल्या बँकेचा खातेउतारा वाचताना

स्पेनमधल्या बँकेच्या खातेउताऱ्याला तिथे ‘एक्स्त्राक्तो’ म्हणतात. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिथे राहणाऱ्या माणसाला दर महिन्याला लागणारा स्पॅनिशचा मोठा भाग या एका कागदावर सापडतो. खाली अशाच एका काल्पनिक खात्याचा एप्रिलचा उतारा आहे. पहिली तारीख व्यवहार नोंदवल्याची, दुसरी तो हिशेबात धरल्याची, मग तपशील, रक्कम आणि उरलेली शिल्लक.

```
F. OPER. F. VALOR CONCEPTO                IMPORTE    SALDO
                  SALDO ANTERIOR                    412,30
01/04    31/03    LIQ. INTERESES            +2,00   414,30
01/04    31/03    RETENCIÓN IRPF            -0,38   413,92
01/04    01/04    ABONO NÓMINA          +1.480,00 1.893,92
02/04    02/04    TRANSF. EMITIDA ALQUILER -650,00 1.243,92
05/04    05/04    CUOTA PRÉSTAMO          -265,92   978,00
08/04    08/04    RECIBO LUZ               -48,70   929,30
11/04    11/04    BIZUM RECIBIDO           +20,00   949,30
13/04    11/04    COMPRA TARJETA           -34,15   915,15
```

आधी आकड्यांची सवय करून घ्यावी लागते. स्पॅनिशमध्ये हजार तोडायला टिंब आणि सेंट वेगळे दाखवायला स्वल्पविराम वापरतात. म्हणजे 1.480,00 हे एक हजार चारशे ऐंशी युरो. पैसे पाठवताना बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम टाइप करायची वेळ येते, तेव्हा हा फरक पक्का लक्षात हवा. शेवटचा स्तंभ ‘साल्दो’, म्हणजे शिल्लक. त्याने प्रत्येक ओळ तपासता येते: मागच्या शिल्लकीत रक्कम मिळवली किंवा वजा केली की पुढची शिल्लक आली पाहिजे. अ‍ॅपमध्ये बहुधा ताजा व्यवहार सर्वांत वर असतो, तेव्हा हाच हिशेब खालून वर करायचा.

दोन तारखांचा अर्थ पहिल्या ओळीत दिसतो. मार्चअखेर संपलेल्या तिमाहीचं व्याज १ एप्रिलला नोंदलं गेलं, पण बँकेच्या लेखी ते ३१ मार्चलाच जमा झालं. या दुसऱ्या तारखेला ‘फेचा बालोर’ म्हणतात आणि व्याज तिच्यावरून मोजलं जातं. खात्यात पैसे नसताना बँकेने व्यवहार पुरा केला आणि शिल्लक उणे गेली, तर त्याला ‘देस्कुबिएर्तो’ म्हणतात. त्यावरचं व्याजही याच तारखेपासून सुरू होतं. दुसऱ्या ओळीतली ‘रेतेन्थिओन’ ही कराची आगाऊ कपात आहे. स्पेनमध्ये कर-निवासी असलेल्या खातेदाराच्या व्याजातून बँक १९ टक्के कापून सरकारला भरते. दोन युरोंवर ती ०.३८ युरो झाली.

यापुढच्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे पैसे कोणाच्या हुकमाने हलले? चूक निघाली तर काय करता येईल, ते याच उत्तरावर ठरतं.

भाड्याची ओळ घ्या. ‘त्रान्सफेरेन्थिया एमितिदा’ म्हणजे खातेदाराने स्वतः पाठवलेले पैसे. पाठवणारा ‘ओर्देनान्ते’, घेणारा ‘बेनेफिथिआरियो’ आणि पैसे कशाचे ते लिहायची जागा ‘कोन्थेप्तो’. घरमालकाला पाठवताना इथे ‘आल्किलेर आब्रिल’, म्हणजे एप्रिलचं भाडं, असं लिहिलं की पुढे वाद झाला तर तीच नोंद पुरावा म्हणून दाखवता येते. पत्ता म्हणून आयबान क्रमांक द्यावा लागतो. स्पेनमध्ये तो २४ अक्षर-अंकांचा असतो. सुरुवातीला ES, मग दोन तपासणी अंक आणि त्यानंतर बँक, शाखा व खाते सांगणारे वीस अंक. युरो देशांमधली साधी बदली जास्तीत जास्त पुढच्या कामकाजाच्या दिवशी पोहोचते. तत्काळ बदलीला दहा सेकंद लागतात आणि तिचं शुल्क साध्या बदलीपेक्षा जास्त घेता येत नाही. भारतात आयबान वापरत नाहीत. त्यामुळे पुण्याहून माद्रिदला पैसे येतात ते स्विफ्टच्या वाटेने. त्यात मधल्या बँकेचं शुल्क कापलं जाऊ शकतं आणि पाठवलेल्या रकमेपेक्षा थोडी कमी रक्कम जमा होऊ शकते.

स्वतःच्या हुकमाने गेलेले पैसे मात्र सहज परत येत नाहीत. आयबान चुकला, तर बँक प्रयत्न करते, पण परतावा समोरच्याच्या संमतीवर राहतो. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना पैसे सोडण्याआधी घेणाऱ्याचं नाव आणि आयबान जुळतात का, हे दाखवावं लागतं. नाव जुळत नसल्याची सूचना आली, तर घाईने पुढचं बटण दाबू नये.

‘बिझुम’ही याच गटातलं. २०१६ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोबाइल क्रमांकावरून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवते, आपल्या यूपीआयसारखी. उताऱ्यात ‘रेथिबीदो’ असेल तर पैसे आले, ‘एन्बिआदो’ असेल तर गेले. फसवणूक होते ती ‘सोलिथितुद’ या शब्दावर. जुनी सायकल विकत घेणारा सांगतो, पैसे पाठवलेत, तेवढं ‘स्वीकारा’ दाबा. पडद्यावर मात्र आलेली असते मागणी, आणि दाबताच विकणाऱ्याचेच पैसे जातात. मिळणाऱ्या पैशांसाठी काहीही मंजूर करावं लागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी हा सापळा टळतो.

आता विजेची ओळ. ‘रेथीबो लूथ’ वाचून विजेची पावती आली असं वाटतं, पण इथे रेथीबो म्हणजे समोरच्या कंपनीने खात्यातून ओढून घेतलेलं बिल. त्यासाठी खातेदाराने एकदा परवानगी दिलेली असते. तिला ‘दोमिथिलिआथिओन’ म्हणतात. वीज, पाणी, मोबाइल, व्यायामशाळा यांची बिलं बहुधा अशीच जातात. इथे हुकूम समोरच्याचा असल्यामुळे खातेदाराचं संरक्षणही मोठं आहे. परवानगी दिलेली असली, तरी पैसे गेल्यापासून आठ आठवड्यांत कारण न सांगता ते परत मागता येतात. परवानगीच दिलेली नसेल, तर मुदत तेरा महिन्यांची. बँकेत म्हणायचं, ‘किएरो देबोल्बेर एस्ते रेथीबो’, हे बिल मला परत करायचं आहे. अर्थात पैसे परत आले म्हणून देणं फिटत नाही. खरोखर वापरलेल्या विजेचे पैसे कंपनी मागू शकतेच.

राहिली सर्वांत मोठा हिशेब पोटात ठेवणारी ओळ, ‘क्वोता प्रेस्तामो’, कर्जाचा हप्ता. उताऱ्यावर नुसते २६५.९२ युरो दिसतात. त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, हे बहुतेक वेळा दिसत नाही. हे उदाहरण ६,००० युरोंच्या, २४ महिन्यांच्या, ६ टक्के दराच्या कर्जाचं आहे. स्पेनमधली बहुतेक हप्त्याची कर्जं ‘सिस्तेमा फ्रान्सेस’ने फेडली जातात. आपल्या ईएमआयप्रमाणे हप्ता तोच राहतो आणि आतली वाटणी दर महिन्याला बदलते. ६ टक्क्यांचा बारावा भाग अर्धा टक्का. पहिल्या महिन्याचं व्याज ६,००० च्या अर्धा टक्का, म्हणजे ३० युरो, आणि उरलेले २३५.९२ मुद्दलात गेले. एप्रिलचा हप्ता तिसरा. तोवर मुद्दल ५,५२६.९८ पर्यंत उतरलं आहे, म्हणून व्याज २७.६३ आणि मुद्दलात गेले २३८.२९. शेवटच्या हप्त्यात व्याज जेमतेम सव्वा युरोच्या आसपास असेल. बारा हप्ते भरल्यावर वेळ निम्मा सरलेला असतो, पण देणं सुमारे ३,०९० युरो उरलेलं असतं. व्याज सुरुवातीला जास्त कापलं जातं, त्याचा हा परिणाम. मुदत वीस-तीस वर्षांची असली, की हाच फरक फार मोठा होतो.

हा ६ टक्के दर म्हणजे ‘तिन’, नुसत्या व्याजाचा वार्षिक दर. जाहिरातीत तो मोठ्या अक्षरात असतो. त्याच्याशेजारी ‘ताए’ नावाचा दुसरा दर असतो आणि कर्जाची किंमत कळते ती त्यातून. त्यात व्याज महिन्याला आकारल्याचा परिणाम आणि सक्तीचे खर्च दोन्ही धरलेले असतात. आपल्या कर्जावर एकही शुल्क नसेल, तर ताए ६.१७ टक्के येतो. पण बँकेने ‘कोमिसिओन दे आपेर्तुरा’, म्हणजे कर्ज सुरू करण्याचं शुल्क, दोन टक्के लावलं आणि ते १२० युरो सुरुवातीलाच कापले, तर हातात ५,८८० येतात आणि हप्ता मात्र २६५.९२ च राहतो. आता ताए सुमारे ८.२९ टक्के होतो. हप्ता बदलला नाही, तिन बदलला नाही, तरी कर्ज दोन टक्क्यांहून अधिक महागलं. म्हणून एकाच मुदतीच्या दोन कर्जांची तुलना ताएवरून करायची आणि हप्ता तपासायला तिन घ्यायचा.

गृहकर्जात आणखी एक शब्द भेटतो, ‘एउरीबोर’. बदलत्या दराच्या कर्जाचा दर हा निर्देशांक अधिक बँकेचा ठरलेला वाढावा, म्हणजे ‘दिफेरेन्थिआल’, असा बनतो. साधारणपणे सहा किंवा बारा महिन्यांनी तो नव्याने ठरतो आणि त्या महिन्यापासून उताऱ्यावरची क्वोता बदलते. ती अचानक वाढलेली दिसली, तर आधी करारात दर-पुनरीक्षणाचा महिना कोणता ते पाहावं.

हप्ता खरोखर बरोबर कापला जातोय का, हे पाहायला ‘क्वाद्रो दे आमोर्तिथाथिओन’ मागावा. त्या तक्त्यात प्रत्येक हप्त्याचं व्याज, मुद्दल आणि उरलेलं देणं लिहिलेलं असतं. उरलेलं देणं विचारायचं असेल, तर ‘क्वान्तो कापिताल केदा पेन्दिएन्ते?’ मध्येच काही रक्कम हाती आली आणि मुदतीआधी भरायची ठरवली, तर बँकेचा प्रतिप्रश्न येतो: ‘रेदुथीर क्वोता’ की ‘रेदुथीर प्लाथो’, हप्ता कमी करायचा की मुदत? मुदत कमी केली तर एकूण व्याज जास्त वाचतं. हप्ता कमी केला तर महिन्याची ओढाताण कमी होते. अशा आगाऊ फेडीवर ग्राहककर्जात बँक भरपाई मागू शकते, पण कायद्याने ती मर्यादित आहे. मुदत संपायला एक वर्षाहून अधिक उरलं असेल तर भरलेल्या रकमेच्या जास्तीत जास्त एक टक्का, त्याहून कमी उरलं असेल तर अर्धा टक्का. म्हणजे पहिल्याच वर्षात हजार युरो आगाऊ भरले, तर उताऱ्यावर या नावाखाली दहा युरोंपेक्षा मोठा आकडा दिसता कामा नये.