एका संगणकावर दोन अँटीव्हायरस

एका कर सल्लागाराच्या कार्यालयातली गोष्ट. डिजिटल सही करण्याच्या टोकनचा ड्रायव्हर बसत नव्हता. इन्स्टॉलर निम्म्यावर जाऊन थांबे आणि फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमच्या वापरात असल्याचा संदेश येई. साधी एक्सेल फाइल उघडायलाही वेळ लागायचा. लॅपटॉपसोबत चाचणी मुदतीचा एक अँटीव्हायरस आला होता आणि दुकानदाराने त्यावर दुसरा विकतचा बसवून दिला होता.

अँटीव्हायरस आपला एक फिल्टर ड्रायव्हर विंडोजच्या थेट गाभ्यात बसवतो. कोणतीही फाइल उघडली की आधी हा फिल्टर ती तपासतो. असे दोन फिल्टर असले की पहिल्याने तपासणीसाठी उघडलेली फाइल दुसऱ्याला नव्याने उघडल्यासारखी दिसते आणि तोही ती तपासू लागतो. इन्स्टॉलर तर शेकडो छोट्या फाइली तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढून लगेच त्यांची नावे किंवा जागा बदलत असतो. नेमकी त्याच क्षणी एखादी फाइल तपासणीत अडकलेली असली, की काम तिथेच फसते.

टास्क मॅनेजर उघडून इन्स्टॉलर चालवला, तेव्हा दोन वेगवेगळ्या अँटीव्हायरसच्या प्रक्रिया एकदमच उसळल्या. खात्री करण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ही आज्ञा दिली:

```
fltmc filters
```

यादीत प्रत्येक फिल्टरपुढे Altitude नावाचा आकडा असतो. 320000 ते 329998 हा पट्टा अँटीव्हायरससाठी राखीव आहे. WdFilter हे नाव विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरचे, त्याला हात लावू नये. एरवी तो दुसरा अँटीव्हायरस नोंदला गेल्यावर स्वतःहून बाजूला होतो. या लॅपटॉपवर मात्र दोन परक्या कंपन्यांची नावे त्या पट्ट्यात होती.

इथे बहुतेक जण चुकतात. घड्याळाशेजारच्या चिन्हावरून एक अँटीव्हायरस तात्पुरता बंद केला तरी त्याचा ड्रायव्हर जागेवरच राहतो. आम्ही आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढली, विकतच्याचा परवाना क्रमांक लिहून घेतला आणि चाचणीचा अँटीव्हायरस सेटिंग्जमधून काढून संगणक पुन्हा सुरू केला. तरीही fltmc च्या यादीत त्याचे नाव होतेच! मग त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून सफाईचे खास साधन उतरवून चालवले आणि संगणक पुन्हा सुरू केला. आता नाव गेले आणि टोकनचा ड्रायव्हर पहिल्याच प्रयत्नात बसला.

हे साधन सामान्य पद्धतीत चालले नाही तर सेफ मोडमध्ये चालवावे. ड्रायव्हरची फाइल हाताने पुसणे किंवा रजिस्ट्रीत खोडाखोड करणे टाळा, त्याने विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. संगणक कंपनीचा असेल तर अँटीव्हायरस काढायला पासवर्ड लागू शकतो. तिथे परस्पर काही न करता आयटी विभागाला fltmc ची यादी दाखवा.

शेवटी विंडोज सिक्युरिटीत जाऊन एक अँटीव्हायरस चालू असल्याची खात्री करा.